सात दिवसांची बरणी

मंगळवार, ९ मार्च. साडेनऊला कॉलेज. चाळीस प्लेटा ओतल्या, दोन बुडबुड्यांमुळे टाकल्या. ऑटोक्लेव्हचं रबर सुटायला आलंय, ऑफिसात सांगितलं. बरणी ११.२० ला बंद केली, आत पाच प्लेटा. दुपारी सरांशी बोलाचाली. मी ऐकलं नाही. गुडघा दुखतोय.

ही नोंद ज्यांनी केली त्यांना कॉलेजात सगळे मावशी म्हणत. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांच्या त्या मावशीच. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं काढली होती. नवरा गेला तेव्हा त्या एकतिशीत होत्या. नोकरी तेव्हा धरली ती कायमची. निवृत्त होऊनही दोन वर्षं झाली, पण इन्क्युबेटर आणि हवा काढून जंतू वाढवायच्या बरण्या कुणाच्याच हाताला धड चालेनात, म्हणून त्यांना पुन्हा बोलावून घेतलं होतं. दर सहा महिन्यांनी नवा कागद, त्यावर विभागप्रमुखांची सही. म्हणजे सरांशी वाकडं घेणं त्यांना परवडणारं नव्हतं. ते त्यांनाही ठाऊक होतं, सरांनाही.

वाद झाला तो तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीवरून. तिच्या दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर मुरूम दाटून आले होते, काही लाल, काही पिकलेले. वर्गातली मुलं तिला खडी म्हणायची. तीही त्या नावाला ओ द्यायची, कारण ओ दिली नाही तर जास्त हाका येतात, हे तिला कळून चुकलं होतं. पुढच्या बुधवारी प्रयोगशाळा लोकांसाठी खुली राहणार होती. शाळांची मुलं येणार, पालक येणार. तीन नंबरच्या टेबलावर ‘आपल्या त्वचेवरचे रहिवासी’ हा विषय होता आणि त्यासाठी चार महिने राबली होती ती खडी. सरांनी मात्र टेबल दुसऱ्या एका मुलाकडे दिलं. त्याचं तोंड सोललेल्या बटाट्यासारखं गुळगुळीत, म्हणून वर्गात त्याचं नावच गुळगुळीत. तिनं मागे थांबून प्लेटा द्यायच्या, यानं बोलायचं.

सरांचं म्हणणं असं, की लोक आधी चेहरा बघतात. जंतूंबद्दल सांगणारीच्या चेहऱ्यावर जंतू दिसले, तर हिला स्वतःचं तोंड धुता येत नाही आणि ही आम्हाला काय शिकवणार, असं म्हणतील. शिवाय त्यांनी एक फलकही करवून घेतला होता. त्यावर दोन प्लेटांचे फोटो. एक गुळगुळीतच्या गालावरची, जवळजवळ रिकामी. दुसरी खडीची, पिवळ्या-पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली. खाली मोठ्या अक्षरांत: मुरुमांचे जंतू.

खडीनं मान डोलावली. ती मावशींकडे एवढंच म्हणाली, की सरांचं बरोबर असेल, आईपण तेच म्हणते, मी दिवसातून सहादा साबणानं तोंड घासते तरी जात नाही.

मावशींचे स्वतःचे गाल जुन्या मुरुमांच्या खळग्यांनी भरलेले होते. शाळेत नन्सनी त्यांना वार्षिक फोटोत मागच्या रांगेत उभं केलं होतं, उंची कमी असूनही. त्या फोटोत मावशींचं फक्त कपाळ दिसतं. त्यांनी तो कधी फाडला नाही, फ्रेमही केला नाही. पण त्या दुपारी प्लेटा पुसता पुसता त्यांचा हात थांबला आणि त्या सरळ सरांच्या केबिनमध्ये गेल्या.

फलक खोटा आहे, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्या दोन प्लेटा उघड्या हवेत दोन दिवस वाढवलेल्या. त्यावर आलेले गोळे स्टॅफिलोकॉकस आणि मायक्रोकॉकसचे. कुणाच्याही कातडीवर वरवर बसणारे. मुरुमांशी ज्याचं नाव जोडतात तो क्युटिबॅक्टेरियम केसाच्या मुळाशी, तेलाच्या ग्रंथीच्या खोलगट नळीत राहतो. तिथं हवा फारशी पोचत नाही आणि त्याला तेच हवं असतं. उघड्या प्लेटवर तो येणारच नाही. तीस वर्षं या प्रयोगशाळेत एक चूक चालत आलीय आणि ती मी रोज बघतेय, असंही त्या म्हणाल्या.

चूक खरोखरच होती, आणि ती प्रात्यक्षिकांच्या वेळापत्रकाची होती. प्रात्यक्षिक मंगळवारी आणि गुरुवारी. मंगळवारी प्लेटा लावायच्या, गुरुवारी बघायच्या. बिनहवेची बरणीसुद्धा गुरुवारीच उघडायची. क्युटिबॅक्टेरियम मात्र मुलखाचा संथ. त्याची वसाहत डोळ्यांना नीट दिसायला पाच ते सात दिवस लागतात. त्यामुळे मुलं पिढ्यान्‌पिढ्या वहीत ‘वाढ आढळली नाही’ असं लिहायची आणि परीक्षेत उघड्या प्लेटवरच्या गोळ्याकडे बोट दाखवून मार्क मिळवायची. सर स्वतःही याच प्रयोगशाळेत असंच शिकले होते.

सर हसले. म्हणाले, मावशी, तुम्ही बरण्या धुवा, शास्त्र आम्ही बघतो.

“बरण्या मी धुतेच,” मावशी म्हणाल्या. “पण ही बरणी सात दिवस धुणार नाही. उघडणारही नाही.”

बरणी त्यांनी सकाळीच भरली होती. पाच जणांच्या नाकावर चिकटपट्टी लावून, ती ओढून काढून, छिद्रांतून निघालेले तेलाचे बारीक खिळे प्लेटवर पसरलेले. नुसता कापूस फिरवला तर वरचेच रहिवासी येतात. आतल्यांना असं ओढूनच काढावं लागतं. पाच नाकं कुणाची, तर खडीचं, गुळगुळीतचं, शिपायाचं, मावशींचं आणि खुद्द सरांचं. सकाळी सर खुशीत होते, त्यांनी हसत नाक पुढे केलं होतं. प्लेटांवर फक्त आकडे. कुठला आकडा कुणाचा, ते मावशींच्या रजिस्टरमध्ये.

शुक्रवारी सरांचा निरोप आला. बुधवारच्या मांडणीसाठी इन्क्युबेटर रिकामा हवा, बरणी काढा. मावशींनी निरोप्याला चहा पाजला आणि परत पाठवला. मग सर स्वतः आले. इन्क्युबेटरला कुलूप होतं आणि किल्ली मावशींच्या कमरेला.

मेमो देईन, असं सर म्हणाले. पुढच्या कागदावर सही करायची की नाही याचाही विचार करीन.

“द्या की,” मावशी म्हणाल्या. “तारीख घालून द्या. मला तारखा आवडतात. आणि कारण लिहा: बरणी वेळेआधी उघडली नाही म्हणून.”

सरांनी कागद मागवला, पेन उघडलं, आणि कारणाच्या ओळीपाशी आले तसं पेन मिटलं. मेमो आलाच नाही. पण सहीचं तसंच लटकलेलं राहिलं, आणि रविवारी मावशींनी जुना कागद काढून त्याची मुदत दोनदा वाचली. डायरीत त्यांनी लिहिलं: भीती वाटते. तरी नाही उघडणार.

मंगळवारी सकाळी ११.२० ला बरणी उघडली. आधी आतली खुणेची पट्टी बघितली, पांढरी होती. आत हवा शिरली असती तर ती निळी पडली असती. सर मागे हात बांधून उभे. गुळगुळीत, शिपाई आणि खडी टेबलाभोवती.

पाचही प्लेटांवर वाढ होती. काही मोठे, चकचकीत गोळे, आणि त्यांच्या मध्ये टाचणीच्या डोक्याएवढ्या, मळकट पांढऱ्या घुमटाकार वसाहती. खडीनं बारीक वसाहतींचे लेप काचपट्टीवर घेतले, जंतू ओळखायचा ग्रॅमचा रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकातून नजर न काढता सांगितलं: जांभळ्या काड्या, वेड्यावाकड्या, एक टोक जाडसर. मोठ्या गोळ्यांतून मात्र द्राक्षांसारखे घोस. पाचही प्लेटांत काड्या होत्याच.

मग मोजणी. मावशींनी रजिस्टर उघडून आकडे वाचले. बारीक वसाहती सगळ्यांत जास्त गुळगुळीतच्या. दोन नंबरवर सर. मग खडी. मग शिपाई. शेवटी मावशी, त्यांच्या वयाला तेलच कमी.

शिपायानं नाक चोळत विचारलं, “म्हणजे साहेबांच्या नाकात जास्त आणि पोरीच्या कमी?”

मग गुळगुळीतच हसला आणि म्हणाला की आईला सांगतो, मी आता जंतूंचा कारखाना आहे.

सरांनी लगेच खडीकडे मोर्चा वळवला. जंतू सगळ्यांना आहेत, मान्य. मग मुरूम तुलाच का? प्रश्न टोचायला विचारला होता, पण खडी या प्रश्नाला चार महिने उत्तर देत होती, फक्त आरशात; आज पहिल्यांदा तिच्या हाताशी मोजलेल्या प्लेटा होत्या.

“कारण नुसत्या जंतूंनी मुरूम येत नाही, सर. या वयात हार्मोन्समुळे तेल जास्त सुटतं. नळीच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं. आत तेल साचतं, हवा आणखी कमी होते, आणि तो तिथं माजतो. त्यातही त्याच्या काही जाती जास्त त्रासदायक असतात. मुरूम असलेल्यांत त्या जाती वरचढ झालेल्या दिसतात, बाकीच्या मागे पडतात. मग आपलं शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. लाली आणि पू ही त्या लढाईची खूण.” ती थांबली. “कुठली जात कुणाकडे आहे, हे या प्लेटवरून नाही सांगता येत. त्याला डीएनए बघावा लागेल. मी ते फलकावर लिहिणार नाही.”

तिनं आणखी सांगितलं, की चांगल्या दिवसांत हाच प्राणी तेल फोडून त्यातून आम्लं करतो, कातडी आंबटसर ठेवतो आणि बाहेरच्या कितीतरी जंतूंना थारा देत नाही. त्याला पार हाकलायचं म्हणजे राखणदारालाच हाकलणं. सहा वेळा साबण घासून तर कातडीच सोलते, नळीतलं बूच जागचं हलत नाही. नाकावरची काळी टोकं मळाची नसतात, तेल आणि रंगद्रव्य हवेशी भिडून काळी पडतात. हे बोलताना ती स्वतःचे गाल हातानं झाकत नव्हती. मावशींनी ते बघितलं.

मग मावशींनी फलक भिंतीवरून उतरवला. सरांना विचारलं नाही. खालची अक्षरं ओल्या कापडानं पुसता येण्यासारखी नव्हती, म्हणून त्यावर कोरा कागद चिकटवला आणि खडीच्या हातात जाड पेन दिलं.

“टेबलावर ही उभी राहील,” त्या सरांना म्हणाल्या. “सहीचं तुम्ही ठरवा.”

सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकात बघत राहिले. मग म्हणाले की वेळापत्रक बदलावं लागेल, सात दिवसांचं प्रात्यक्षिक कुठे बसवायचं ते बघतो. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि मावशींनी वाटही पाहिली नाही.

बुधवारी तीन नंबरच्या टेबलामागे अंधारासाठी काळा पडदा लावला होता. गुळगुळीत पडद्याआड डोळे मिटून खुर्चीवर बसला आणि खडीनं त्याच्या नाकावर जांभळा दिवा धरला. नाकभर नारिंगी-लाल ठिपके चमकले. क्युटिबॅक्टेरियम जे रंगद्रव्य बनवतो ते या प्रकाशात असं उजळतं. शाळेची मुलं ओरडून मागे सरली आणि पुन्हा पुढे आली.

एक बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलगी तेराची असेल, कपाळावर केस ओढून घेतलेले. बाईंनी खडीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, “तू तोंड धूत नाहीस का गं?”

“धुते, काकू. आधी सहादा घासायची, आता दिवसातून दोनदाच, साध्या साबणानं. आणि डॉक्टरांचं औषध लावते, कारण हे धुऊन जाणारं नाही.” खडीनं दिवा हातात घेतला. “तुम्ही बसा ना खुर्चीवर. तुमचंही नाक बघू.”

काकू बसल्या नाहीत. पण त्यांच्या मुलीनं कपाळावरचे केस मागे सारले आणि खुर्चीवर जाऊन बसली. मावशींनी पडदा ओढला.

त्या रात्री जेवण झाल्यावर मावशींनी लिहिलं: बुधवार, १७ मार्च. सहीचं अजून कळलं नाही. मोरीचा नळ गळतोय, खाली बादली लावली.