पत्र्याच्या पाट्यांचा प्रस्ताव

माझा हात लई जड होता, हे आधीच सांगून टाकतो. केज तालुक्यातल्या आमच्या शाळेत मी गणित शिकवायचो आणि पोरांना बडवायचो. एकदा सातवीतल्या एकाच्या अशी कानाखाली दिली की त्याच्या कानातून रक्त आलं. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप शाळेत आला. मला वाटलं, आता हा माझी गचांडी धरणार. तर तो म्हणाला, "अजून दोन द्या गुर्जी, न्हाईतर सुधरायचं न्हाई ते." मला माझीच शिसारी आली.

मग मी विचार करत बसलो, की आपलं डोकं फिरतं कधी? प्रश्न विचारला की तेच चार हात वर, बाकीचे पन्नास-साठ मुंड्या खाली घालून गप्प. कोणाला काय येत नाही ते कळायचं थेट चाचणीचे पेपर तपासताना, आणि तेव्हा छडीशिवाय दुसरं काही सुचायचं नाही.

युसूफ वडगावच्या बाजारात एक पत्रेवाले चाचा बसायचे. त्यांच्याकडून तेलाच्या रिकाम्या डब्यांच्या पाट्या कापून घेतल्या, कडा दुमडून, वर काळा रंग मारून. फळ्यावर गणित द्यायचं, प्रत्येकानं आपापल्या पाटीवर उत्तर लिहायचं, आणि 'दाखवा' म्हटलं की सगळ्यांनी एकदम पाटी छातीशी धरायची. कोण कुठं अडलंय ते एका नजरेत दिसायचं. तेवढंच तिथल्या तिथं पुन्हा शिकवायचं.

महिनाभर करून पाहिलं. सातवीच्या दोन तुकड्या, दोन्हीकडं मीच, धडे तेच. एकीला पाट्या, दुसरीला नाहीत. आधी आणि नंतर दोन्ही तुकड्यांना सारखाच पेपर, आणि तपासायला दुसऱ्या शाळेतले मास्तर. दोन्ही तुकड्या सुधारल्या, पण पाट्यांची तुकडी जास्त, आणि त्यातही मागच्या बाकावरची पोरं. त्या तुकडीत महिनाभर मी कुणावर हात उचलला नव्हता. मला हवं होतं ते एवढंच.

संस्थेपुढं ठेवायला चार पानं लिहिली. गरज काय, करून पाहिलं त्यातून काय निघालं, खर्च किती, शिक्षकांची तयारी कशी करून घ्यायची. शाळेला मिळून पाट्यांची एकच पेटी, तासाला या वर्गातून त्या वर्गात फिरेल. पालकांवर बोजा नाही. शिक्षकांना सकाळची शाळा सुटल्यावर तीन शनिवार शिकवायचं. पहिल्या शनिवारचा पहिला नियम मी खाली रेघ ओढून लिहिला होता: पाटी चुकली तर हात पोरावर नाही, फळ्यावर जाईल.

बैठकीत अध्यक्षांनी चारही पानं वाचली. कापडाचे व्यापारी होते, पण माणूस बारकाईचा. "शहरात कंप्युटर आले, अन् तुमी पाट्या आना म्हनता," ते हसले. मग विचारलं, "मास्तरांना शिकवनार कोन?"

"मी," मी म्हणालो.

आमचे थोरले गणित शिक्षक तिथंच बसले होते. छडीला तेल लावून ठेवणारा माणूस. "माझ्या पोरांना पाट्या कशाला पायजेत? त्यांना येतंय," म्हणाले. अध्यक्ष म्हणाले, "मग दाखवाच." थोरल्यांनी आपल्या वर्गातली निवडक दहा पोरं बोलावली. मी आणलेल्या पाट्या पोरांना दिल्या, आणि थोरल्यांनीच गणित घातलं, पाऊण भागिले अर्धा. उत्तर दीड.

"दाखवा."

दहाही पाट्यांवर तीन छेद आठ. भागायच्या ऐवजी दहाही जणांनी गुणलं होतं. म्हणजे पोरं चुकली नव्हती, शिकवणं चुकलं होतं, आणि ते सगळ्या संस्थेपुढं काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत उभं होतं. थोरल्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी पुढच्या मुलीच्या हातातली पाटी हिसकली आणि तिच्याच कपाळावर हाणली. दुमडलेली कड भुवईवर बसली. रक्त तिच्या नाकावरून ओठांवर उतरलं, तरी ती रडली नाही. त्यांनी पाटी पुन्हा उचलली.

मग मला काही दिसेना. मी त्यांना धरून भिंतीवर आपटलं. एक ठोसा तोंडावर, एक पोटात. ते खाली बसले तरी मी मारतच होतो. त्यांचा दात माझ्या मुठीत रुतला तेव्हा दोघातिघांनी मला मागं ओढलं. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं.

रुमाल काढून मी त्या मुलीकडं वळलो. कपाळ दाबून धरायला हात पुढं केला, तर तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि ती खाली बसली. बाकीची नऊ पोरं भिंतीला चिकटली. थोरल्यांकडं कोणी बघतच नव्हतं. सगळी माझ्याकडं बघत होती.

अध्यक्षांनी एकदा त्या पोरांकडं बघितलं. मग त्यांनी माझी चार पानं उचलली, शेवटचं पान काढलं आणि रेघ ओढलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"गुर्जी," ते हळूच म्हणाले, "हे तुमीच शिकवनार होता न्हवं?"

त्यांनी पानं मला परत दिली, आणि मी ती घेतली.