दोन अंडी, एक पीस

"टिटवी असती तर आतापत्तर आपल्या टकुऱ्यावर नाचली असती."

माझ्या मागे उभे असलेले अप्पा हे माझ्याशी बोलत नव्हते, अण्णांशी बोलत होते. पण मी ते ऐकलं आणि वर पाहिलं. आभाळ रिकामं होतं. सकाळचे नऊ वाजायचे होते आणि खटकचिंचोळीच्या त्या माळावरची तांबडी जमीन आत्ताच चपलेतून जाणवायला लागली होती. आम्ही चौघं एका खळग्याभोवती उभे होतो. बशीएवढा खळगा, त्यात दोन अंडी. मातकट रंगाची, काळपट डागांची. दोन पावलं मागे सरलं की ती दिसेनाशी होत होती, इतकी ती तिथल्या खड्यांसारखी होती.

"कामून ओरडंना मग?" अण्णांनी विचारलं.

"सोडून दिली असतील. चार घालती टिटवी. दोन मुंगसानं नेली, दोन ऱ्हायली. मग ती कशाला बसती?"

आणि अप्पांनी बांधाकडे पाहिलं. तिथे ट्रॅक्टर उभा होता. तो शेजाऱ्याचा होता आणि दुपारी परत द्यायचा होता.

कोण कोण होतं ते सांगते. अप्पा म्हणजे शेताचे मालक. पाच-सहा वर्षं पडीक असलेला माळाचा तुकडा ते यंदा पुन्हा नांगराखाली आणणार होते. आदल्या दिवशी दगड वेचताना त्यांना ही अंडी दिसली. त्यांच्या घरात एक रीत आहे: पाखरू बसलेलं असेल तर तेवढी जागा सोडून नांगरायचं. शेताच्या मधोमध खाटेएवढं बेट राहिलं तरी चालतं. पण पाखरानं सोडून दिलेल्या अंड्यांसाठी कोणी बेट ठेवत नाही. अण्णा हुमनाबादचे लग्नाचे फोटोग्राफर. अप्पांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले होते, म्हणून अप्पांनी त्यांना बोलावलं. तिसऱ्या बाई. त्या शाळेत आम्हाला विज्ञान शिकवायच्या. अण्णा आणि बाई पक्ष्यांच्या एका ग्रुपमध्ये आहेत. आपल्याकडच्या दोन-तीन तालुक्यांतले लोक तिथे घरट्यांचे, अंड्यांचे, पडलेल्या पिसांचे फोटो टाकतात आणि हे कुणाचं म्हणून विचारतात.

चौथी मी. बाईंनी आदल्या रात्री आईला फोन केला होता. "ती घरीच बसलेली असते, पाठवा की. गाडीत जागा आहे."

त्या ग्रुपमध्ये मीही आहे हे बाईंना माहीत नव्हतं. माझ्या खात्यावर माझा फोटो नाही, एका पिसाचा आहे. नाव नाही, दोन अक्षरं आहेत. बहुतेक उत्तरं मीच लिहिते. ग्रुपमधल्या कुणीतरी एकदा "धन्यवाद सर" लिहिलं, मी दुरुस्त केलं नाही, आणि तेव्हापासून मी सर आहे. येताना गाडीत अण्णा बाईंना सांगत होते, "सर पुण्याकडचे असणार बघा. रिटायर माणूस. येवढा टाइम दुसऱ्या कुणाला असतोय?" मी खिडकीतून बाहेर पाहत राहिले.

हे मी का करते, याचं उत्तर मला पुष्कळ दिवस देता आलं नव्हतं. आमच्या भालकीच्या घरात कपडे वाळत घालायच्या तारेवर फुलांतला मध पिणाऱ्या इवल्या शिंजिराने एकदा घरटं लटकवलं. मी पाहायला गेले की पक्षी उडून जायचा. मला वाईट वाटायचं. मग मी तो नसताना घरटंच पाहायला लागले. कोळ्याचं जाळं, सालीचे तुकडे, दारावर पुढे आलेलं छोटं छप्पर. पक्षी आपल्याकडे पाहतो आणि आपण कोण आहोत हे ठरवतो. पीस काही ठरवत नाही. ते कितीही वेळ पाहू देतं.

आणि त्यात पाहण्यासारखं खूप असतं. पिसाच्या दांडीच्या दोन्ही बाजू सारख्या रुंद असतील तर ते अंगाचं किंवा शेपटीच्या मधलं. एक बाजू अगदी अरुंद असेल तर पंखाच्या टोकाकडचं. घुबडाच्या पंखाच्या पिसाला कडेला मऊ झालर असते, म्हणून ते उडताना आवाज करत नाही. पिसाचा फोटो दोन्ही बाजूंनी लागतो, कारण खालची बाजू फिकी असते आणि फसवते. शेजारी पेनाचं टोपण ठेवलं तर आकार कळतो. हे मी सारखी लिहिते आणि लोक सारखे विसरतात. एकदा हायवेवरून एकाने पांढऱ्या ठिपक्यांचं काळं पीस पाठवलं. ग्रुपमध्ये दिवसभर मोठमोठी नावं आली. मी फक्त विचारलं, "जवळ ढाबा आहे का?" होता. त्या ढाब्यावर गिनी कोंबड्या पाळलेल्या होत्या.

अंड्यांच्या बाबतीत मी एकच गोष्ट रागाने लिहिते: हात लावू नका, एक फोटो काढा आणि निघा.

अप्पांनी पाठवलेला अंड्यांचा फोटो अण्णांनी आदल्या संध्याकाळी ग्रुपमध्ये टाकला होता. बरोबर वरून काढलेला. सगळ्यांनी टिटवी लिहिलं. मी लिहिलं, "बाजूने एक फोटो मिळेल का? आसपास पीस पडलं असेल तर तेही." वरून पाहिलं तर कुठलंही अंडं जरा गोलच दिसतं. टिटवीचं अंडं एका टोकाला चांगलं निमुळतं असतं, भोवऱ्यासारखं. चारही अंड्यांची टोकं ती आत, मधोमध वळवून ठेवते. इथे दोनच होती, तेव्हा त्यावरून काही ठरवता येत नव्हतं.

आता ती माझ्यासमोर होती. मी वाकले नाही, नुसती बाजूला सरकले, म्हणजे तिरपं दिसेल. दोन्ही अंडी दोन्ही टोकांना जवळजवळ सारखी. निमुळतं टोक नव्हतंच.

"हात लावून बघू का, गरम आहेत का?" बाई म्हणाल्या.

"उन्हात धोंडाबी गरम असतोय, बाई," अप्पा हसले. "त्येच्यावरून काय कळायचं?"

ते बरोबरच होतं. बाईंनी हात मागे घेतला आणि मला बरं वाटलं.

"सरांना इचारू," अण्णा म्हणाले. त्यांनी बाजूने एक फोटो काढला, मग इकडेतिकडे पाहून म्हणाले, "पीस पायजे म्हणले होते सर." तीन-चार हातांवर एक पीस पडलेलं होतं. त्यांनी ते उचललं नाही, शेजारी पेनाचं टोपण ठेवून फोटो काढला, मग काडीने उलटवून दुसरा. इतके दिवस लिहिलेलं कुणीतरी वाचत होतं.

मग त्यांनी फोन डोक्यावर धरला. "रेंजच न्हाई की इथं."

"बांधावर जाऊन बघा," अप्पा म्हणाले. "न्हाईतर ऱ्हाऊ द्या. सर तिकडं पंख्याखाली बसलेले, त्यांना काय आमची घाई?"

अण्णा फोन उंच धरून गोल फिरत होते आणि पडदा माझ्या डोळ्यांसमोरून जात होता. पीस टोपणापेक्षा थोडं लहान. वाळूसारखं पिवळसर, आणि मधून दांडीच्या बाजूने एक गडद रेघ. तित्तराचं असतं तर आडव्या रेघा असत्या. चंडोलाच्या पिसाला अशी रेघ असते, पण चंडोल एवढा मोठा नसतो. टिटवीच्या पाठीचं पीस सरळ तपकिरी, त्यावर रेघ नसते.

करवानक. मोठ्या पिवळ्या डोळ्यांचा, लांब पायांचा, रात्री ओरडणारा. तो दोनच अंडी घालतो, म्हणजे मुंगसाने काही नेलं नव्हतं. आणि माणूस लांबून दिसला की तो टिटवीसारखा अंगावर येत नाही. मान खाली घालून गुपचूप पळतो आणि कुठेतरी मातीत माती होऊन बसतो.

म्हणजे अप्पांचा हिशेब नेमका उलटा होता. कुणी ओरडत नव्हतं, म्हणून ते घरटं सोडलेलं ठरलं होतं. खरं तर कुणी ओरडत नव्हतं ते, घरटं ज्याचं होतं तो दिवसा माणसावर ओरडणारा नव्हता म्हणून. तो इथेच कुठेतरी आम्ही जायची वाट पाहत असणार. असल्या उन्हात पक्षी अंडी उबवायला कमी आणि सावली धरायला जास्त बसतो. आम्ही आल्यापासून सावली नव्हती.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण मला ते सांगायला सोपं जातं. अप्पांनी बेट सोडलं, खाटेपेक्षा मोठं. काही आठवड्यांनी अण्णांनी तिथला फोटो पाठवला: रिकामा खळगा आणि त्यात टरफलाचे बारीक कण. मोठे तुकडे नाहीत, सांडलेल्या बलकाचा डाग नाही. खाल्लेलं अंडं असं दिसत नाही. पिल्लं निघाली की मोठी कवचं बहुतेक पक्षी दूर नेऊन टाकतात आणि मागे एवढंच उरतं. तो करवानक मी अजून पाहिलेला नाही. त्या दिवशीही नाही.

पण त्या सकाळी हे काही ठरलेलं नव्हतं. अप्पा ट्रॅक्टरकडे चालायला लागले होते. "जाऊ द्या अण्णा, सोडलेलीच हायत. मी चालू करतो." अण्णा बांधाच्या दिशेने फोन हलवत होते.

शाळेत बाई प्रश्न विचारायच्या तेव्हा मला उत्तर येत असायचं आणि मी पेन्सिलीचं टोक पाहत बसायचे. आत्ताही मी खाली, अण्णांच्या पेनाच्या टोपणाकडे पाहत होते. ते पिसाशेजारी तसंच पडलेलं होतं. मी ते उचललं. हातात चांगलंच तापलेलं लागलं, आणि मला त्या दोन अंड्यांचा विचार आला.

ट्रॅक्टर पहिल्यांदा खोकला.

"अप्पा, थांबा!" मी म्हणाले. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. तिघांनीही वळून पाहिलं. "अण्णा, फोटो पाठवू नका. सर मीच आहे. हे टिटवीचं न्हाई, करवानकाचं आहे, तो दोनच घालतो आणि माणसावर ओरडत न्हाई. त्यानं सोडलं न्हाई, आपण हितं हाव म्हणून तो येईना. आधी सगळे मागं चला, बाई, तुम्हीपण. ऊन लागायलंय अंड्यांना."