काळुरामची अकरा वर्षं

काळुरामची आणि माझी वीस वर्षांची ओळख, आणि त्याने माझ्यावर एकदाही हात उचलला नाही. धरमतरच्या खाडीकाठी असं सांगू शकणारी माणसं फार थोडी असतील. कंपाउंडरला विचारा, बसच्या कंडक्टरला विचारा. त्याच्या सासऱ्याला विचारायला गेलात तर तो एक कान पुढे करेल, कारण दुसऱ्या कानाने त्याला ऐकू येत नाही. तेही काळुरामचंच काम.

मी तेव्हा पेणच्या कचेरीबाहेर अर्ज आणि दस्त लिहायला बसत असे. लोक कागद लिहून घ्यायचे आणि घरचं सगळं फुकट सांगून जायचे. त्यामुळे कोणाची सून कोणाशी बोलत नाही हे तलाठ्याच्या आधी मला ठाऊक असायचं.

तर हा काळुराम. हात एवढे मोठे की मिठाचं फावडं त्याच्या हातात खेळण्यासारखं दिसायचं. आणि ह्याच हातांनी त्याने आईचं अकरा वर्षं केलं. धोंडुबाई चौऱ्याऐंशी साली भाताच्या खाचरातच कोसळली, उजवी बाजू गेली ती गेलीच. तिला न्हाऊ घालणं, भात कुस्करून भरवणं, कूस बदलणं, सगळं हा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रोज खोबरेल चोळायचा. पावसात रस्ता बुडाला की तिला पाठीवर बांधून गुडघाभर चिखलातून पेणला आणायचा. एकदा कंपाउंडर म्हणाला, "म्हातारीचं आता काय राहिलंय, कशाला हेलपाटे घालतोस?" पुढचे दोन आठवडे कंपाउंडर पेज पीत होता.

बायको दोन वर्षं राहिली. मग म्हणाली, "मी लग्न तुमच्याशी केलंय, का आयेच्या लुगड्यांशी?" आणि माहेरी गेली. तिला आणायला गेला तेव्हाच तो सासऱ्याचा कान गेला. त्यानंतर तिला परत धाडायचा विषय कोण काढणार?

धाकटा भाऊ गुणाजी रोह्याला कंपनीत. शिफ्टमधून सुटला की गणपतीला आणि शिमग्याला यायचा, आईच्या उशाशी बिस्किटांचा पुडा ठेवायचा आणि दुपारच्या गाडीने परत. बहीण जनी खांब गावी दिलेली. ती महिन्याकाठी यायची, चार दिवस राहून आईची लुगडी धुऊन जायची. काळुराम तिला म्हणायचा, "जने, तू आलीस म्हणजे मना झोप मिळते." तेवढंच काय ते गोड बोलणं त्याच्या तोंडून मी ऐकलेलं.

आता मुद्दा जमिनीचा. बापाने मरण्याआधी दोन पोरांना वाटून दिलं होतं आणि चाळीस गुंठे धोंडुबाईच्या नावावर लावले होते, जिवाईचे म्हणून. जिवाई म्हणजे म्हातारपणी पोटाला आधार म्हणून काढून ठेवलेला वाटा. आणि खाडीकाठची समजूत अशी की म्हातारीचं जो करील, जिवाई त्याची. धोंडुबाईही बोलता येत होतं तोवर येईल त्याला सांगायची, "माझं काळू करतोय, माझं रान काळूचं." गावाने ऐकलं होतं, गुणाजीने ऐकलं होतं. कागदावर मात्र कोणी घेतलं नाही. कागद करायला मी होतो, आणि हा बाबा दर महिन्याला माझ्या समोरूनच दवाखान्यात जायचा! एकदा मी म्हटलंसुद्धा, "काळू, म्हातारीचा अंगठा घेऊन मृत्युपत्र करून टाक, दोन साक्षीदार मी आणतो." तर माझ्यावर डोळे काढले. "आये जिती हाय आन् तुम्ही तिच्या मरणाचा कागद करता? तिचा शब्द हाय ना?" आईच्या मरणाचा कागद जितेपणी केला तर मरण लवकर येतं, ही त्यांच्याकडची भीती. मी आपले दात मोजले आणि पुढचा अर्ज लिहायला घेतला.

पंच्याण्णवच्या चैत्रात धोंडुबाई गेली. दहाव्याला पिंडाच्या भाताला कावळा शिवतोय न शिवतोय तोच गुणाजी म्हणाला, "दादा, तलाठ्याकडे वारस लावून घेऊ. तिघांची नावं."

"तिघांची कशी? बाकीच्या दोघांनी काय केलं?"

"केलं नाय म्हणून आईची पोरं नाय काय आम्ही?"

"तुझा बिस्किटाचा पुडा सातबाऱ्यावर लाव!" असं म्हणत काळुरामने तांब्या फेकला. तो गुणाजीच्या तोंडावर बसला. समोरचे दोन दात खाडीच्या पाण्यात आणि गुणाजी बांधावर उताणा. जनी मध्ये पडली तर तिलाही कोपर बसलं. भटजी धोतर आवरून असा सुटला की दक्षिणा मागायलाही परत आला नाही.

गुणाजी वारसाचा अर्ज देऊन आला. तलाठ्याने दोन मुलगे, एक मुलगी अशी फेरफार नोंद धरली आणि नोटिसा काढल्या. काळुराम नोटीस घेऊन माझ्याकडे आला. मी त्याला हरकतीचा अर्ज लिहून दिला, पण आधी हैबतराव वकिलांकडे घेऊन गेलो. कारण ह्या बाबतीत मला उत्तर माहीत होतं आणि ते मी एकट्याने सांगायला तयार नव्हतो.

हैबतराव पान लावत ऐकत होते. मग म्हणाले, "मृत्युपत्र आहे?"

"तिचा शब्द हाय. गाव साक्षीला हाय."

"तोंडी मृत्युपत्र लढाईवरच्या शिपायाला चालतं. तुझी आई शिपाई होती का? तिचं लेखी हवं आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ते नाही म्हटल्यावर विधवेची जमीन तिच्या मुलामुलींना सारखी जाते. तीन पोरं, तीन सारखे वाटे."

"आन् माझी अकरा वर्सं?"

"अकरा वर्षांना कायद्यात रकाना नाही. अकरा केलीस काय, एकही नाही केलंस काय. ज्याने तोंड दाखवलं नाही त्यालाही तेवढंच."

काळुरामने वकिलांच्या टेबलाची कड धरली. लाकूड करकरलं. मी दाराकडे सरकलो.

"दिवाणीत दावा लाव," हैबतराव शांतपणे म्हणाले. "दहा वर्षं चालेल आणि शेवटी तिसरा हिस्साच मिळेल. जास्त हवं तर एकच वाट आहे. भावाने, बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला आणि तो दस्त रजिस्टर करून दिला, तर. तेव्हा तू त्यांच्याशी जरा गोड बोल."

काळुरामला गोड बोल सांगणारा माणूस मी तो पहिलाच पाहिला.

मंडळ अधिकाऱ्यापुढे सुनावणी झाली. काळुरामने पाठ वाकवून आईला कसं उचलायचा ते करून दाखवलं. साहेब भला होता. म्हणाला, "बाबा, तू केलंस ते खरं, पण मी इथे वारस कोण एवढंच बघतो. सेवा कोणी केली ते नाही." आणि तिन्ही नावांची नोंद मंजूर केली. काळुरामने साहेबाची खुर्ची उचलून खिडकीतून बाहेर टाकली. साहेब उभा होता म्हणून बरं.

ह्या भानगडीनंतर चार दिवसांनी माझ्यापुढे येऊन बसली जनी. कपाळावर तांब्याच्या दिवशी बसलेल्या कोपराचा वण अजून दिसत होता. "अण्णा, माझा तिसरा हिस्सा दादाच्या नावावर सोडायचा हाय. कागद लिवा."

"तुझ्या नवऱ्याला माहीत आहे का गो?"

"त्याला मी बघीन. दादाने केलंय ते मी पाह्यलंय. पण दादाला आता सांगू नका. सांगितलं तर गुणाजीला टोचून टोचून जीव घेईल, आन् गुणाजी तिकडं माझ्या नवऱ्याचे कान भरील. सह्या करायच्या दिवशी मीच त्याला हाताला धरून आणीन."

तिने मला शपथ घातली. माझ्यासारख्या माणसाला शपथ! आयुष्यात एकदाच मी एक गोष्ट पोटात ठेवली, आणि ती हीच असावी याचं मला आजही हसू येतं. मेलो हसून हसून, असं मात्र म्हणवत नाही.

श्रावण संपत आला आणि काळुराम कोयता घेऊन रोह्याला गेला. कंपनीच्या फाटकाशी शिफ्ट सुटायची वाट पाहत उभा राहिला. गुणाजी डबा हलवत बाहेर आला. "दादा, इथं तमाशा नको," एवढंच त्याला बोलता आलं. काळुरामने कोयता उलटा धरला होता, धार वर. तेवढी आईची आठवण राहिली असेल. पहिल्या फटक्यात गळपट्टीचं हाड गेलं, दुसऱ्यात भुवई फुटली. डब्यातली भाजी रस्त्यावर, त्यावर रक्त, आणि काळुराम ओरडतोय, "सांग, किती वेळा उचललीस आयेला? सांग!" चार कामगारांनी त्याला आडवा पाडला तेव्हा त्यातल्या एकाचं मनगट मुरगळलेलं होतं.

तीन आठवड्यांनी जामिनावर सुटला. तोवर भाद्रपदाची अमावास्या आली. आता हे नीट ऐका. धोंडुबाईचे चाळीस गुंठे मधोमध, एका बाजूला काळुरामचं रान, दुसऱ्या बाजूला गुणाजीचं. तिन्ही एकाच बांधाच्या पोटात. खाडीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांधात लाकडी झडपेची उघाडी. शिवाराचं पावसाचं पाणी ओहोटीला त्यातून बाहेर जातं, भरतीला झडप आपोआप मिटते. भात निसवलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या. अमावास्येची भरती दुपारी सर्वांत उंच असते, हे तिकडच्या पोरासोरांनाही ठाऊक.

भर दुपारी, गावाच्या डोळ्यांसमोर, काळुरामने पहारीने झडप फोडली. मग फावड्याने बाजूचा बांध उकरला. दोघे अडवायला गेले. एकाच्या पोटात फावड्याचा दांडा बसला, दुसरा आपणहून चिखलात बसला. "मना नाय तर कोणालाच नाय!" आणि पाणी आत घुसलं. मधल्या रानात भरलं, आणि तिथे न थांबता डाव्या-उजव्या दोन्हीकडे गेलं. त्याचं स्वतःचं भातही कमरेएवढं बुडालं. रागाच्या भरात त्याच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी जनी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेणला दस्त करायचा, म्हणून मीही तिच्याबरोबर कागद घेऊन आलो होतो. आम्ही बांधावर उभे राहिलो. ओहोटी लागली होती, भाताच्या लोंब्या चिखलात झोपलेल्या. काळुराम उघाडीपाशी पाण्यात उभा, हातांतून रक्त गळतंय.

"दादा, अण्णांच्या पिशवीत काय हाय बघ."

मी कागद पुढे केला. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचलं. जनीच्या नावापर्यंत आलो आणि त्याने हात वर केला. पहिल्यांदा वाटलं, आता माझी पाळी. पण तो मला थांबवत होता.

"कधी केलास गो?"

"तू गुणाजीला मारायच्या आधी. तेव्हापासून वाट बघत्ये, तू शांत होशील म्हणून."

"मग दे. आता दे."

जनीने पदराने कपाळ पुसलं. "आयेचं रान होतं ते, दादा. तूच अकरा वर्सं तिला भरवलंस त्याच रानातला भात. आज तू ते मारलंस. माझा हिस्सा तुला दिला तर उद्या काय करशील, मना ठाव नाय. राहू दे माझ्या नावावर." तिने माझ्या हातातून कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि कनवटीला खोचला. फाडला नाही, हे मी नीट पाहिलं.

काळुरामने तिच्यावर हात उचलला नाही. वाकला, फुटक्या झडपेच्या फळ्या पाण्यातून गोळा करू लागला. पुढचे तीन दिवस तो एकटाच बांध भरत होता. मीठ धुऊन जायला तीन पावसाळे गेले. चौथ्या पावसाळ्यात आईच्या रानात भात झालं तेव्हा त्याने तीन सारखे ढीग घातले आणि दोन ढिगांना हात लावला नाही. गुणाजीचा ढीग रोह्याला पोहोचवायला मात्र दुसऱ्याला पाठवलं.

सातबाऱ्यावर आजही तिन्ही नावं आहेत. आणि जनीच्या कनवटीतल्या त्या कागदाचं काय झालं, ते काळुराम मला दर शिमग्याला विचारतो. मी सांगत नाही. मला माहीतच नाही, पण ते त्याला कशाला सांगू?