आत्याचे तीन स्क्रीनशॉट

देवासच्या ज्या बँकेत मी काम करतो, तिथे माझ्या काउंटरवर दिवसाला निदान दोन-तीन माणसं मोबाइल पुढे करून उभी राहतात. "भिया, देखो तो, पैसे कट गए, सामनेवाले को मिले नहीं." मी चष्मा वर करून स्क्रीनशॉट बघतो. वर लाल खूण असेल, असफल लिहिलेलं असेल आणि खात्यातून पैसे गेलेले दिसत असतील, तर सांगतो की येतील परत, घाबरू नका. पिवळी खूण असेल, 'प्रक्रिया में' असेल, तर सांगतो की थांबा, दुसऱ्यांदा पाठवू नका, नाहीतर दोन वेळा जातील. हे सगळं मी इतक्या वेळा बोललो आहे, की बोलताना माझं लक्ष पुढच्या माणसाच्या चेकवर असतं.

आत्याशीही मी तसाच बोललो.

ती धारला एकटी राहते. काका, म्हणजे तिचे यजमान, गेल्यावर तिने लग्नाचे फेटे आणि पगड्या करायचं काम घेतलं. हे आमच्या घरातलं जुनं काम, पण पुरुषांनी सोडलं होतं. तिने ते मशीनवर आणलं. तिरला ते मनावर, आसपासच्या सगळ्या गावांतली लग्नघरं तिच्याकडे येत. कापड महेश्वरच्या एका व्यापाऱ्याकडून यायचं आणि गेली तीन-चार वर्षं ती त्याला मोबाइलनेच पैसे द्यायची. हे ती स्वतः शिकली होती. शेजारणीसुद्धा विजेचं बिल भरायला तिच्याकडे येत, आणि ही गोष्ट ती फोनवर मला दोनदा तरी सांगायची.

त्या शनिवारी दुपारी तिचा स्क्रीनशॉट आला. साडेअठरा हजार रुपये, व्यापाऱ्याचं नाव, तारीख, वेळ, खाली बारा आकडी संदर्भ क्रमांक. वर लाल खूण आणि 'भुगतान असफल'. मागोमाग तिचा फोनच आला, "अरे बाबा, हे काय झालं बघ ना. खात्यातून तर कट झाले. तो म्हणतो मला काहीच आलं नाही."

मी विचारलं, "दुकानाचा कोड स्कॅन केलास, की त्याच्या नंबरवर पाठवलेस?"

"नंबरवर. नेहमी तसंच पाठवते."

"मग उद्यापर्यंत येतील आपोआप. पैसे सुरक्षित आहेत. बँकेत जायची गरज नाही."

समोर रांग होती आणि शनिवारचा दिवस होता. मी फोन उलटा ठेवला. सांगितलं ते चुकीचं नव्हतं. एकाच्या खात्यातून कापले गेले आणि दुसऱ्याला मिळालेच नाहीत, तर बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी ते परत जमा होतात. दुकानाच्या कोडवर पाठवले असतील तर पाच दिवसही लागतात. पण सोबत जे सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही. परतीसाठी कुणालाही फोन करू नकोस. ग्राहक सेवेचा नंबर इंटरनेटवर शोधू नकोस. पैसे परत यायला पिन लागत नाही. काउंटरवरच्या अनोळखी माणसांनाही मी हे सांगतो, आणि तिला नाही सांगितलं. ती शिकलेली आहे, तिला ठाऊक असेल, असं मी धरून चाललो.

रविवारी मी तिला फोन केला नाही. तिचाही आला नाही. सोमवारी संध्याकाळी मी घरी चहा घेत होतो, तेव्हा दोन नवे स्क्रीनशॉट आले. खाली एकच ओळ होती, "पैसे अजून नाही आले. बँकवाला म्हणतो थांबा."

पहिल्यात अठ्ठेचाळीस हजार दोनशे सतरा, दुसऱ्यात एकतीस हजार चारशे सहा. दोन्हींवर हिरवी खूण होती. दोन्हींत पैसे घेणाऱ्याचं नाव एकच, कधी न ऐकलेलं. मी पुन्हा पाहिलं. 'भुगतान सफल.'

मी तिला फोन लावला. "आत्या, हे कोणाला पाठवलेस?"

"कोणाला नाही रे. रिफंडचा कोड होता तो."

"कोणी दिला कोड?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शनिवारी संध्याकाळी व्यापाऱ्याने पुन्हा विचारलं. तो रागावला नव्हता, पण "बाई, तुमचं असं पहिल्यांदाच होतंय" म्हणाला, आणि ते तिला लागलं. तिने बँकेचं नाव टाकून ग्राहक सेवेचा नंबर शोधला. सगळ्यात वर आला तो लावला. पलीकडचा माणूस 'माताजी' म्हणून बोलला, हिंदी अगदी साफ. त्याने आधी तिच्याकडून तोच लाल खुणेचा स्क्रीनशॉट मागवून घेतला. मग तिलाच तिचं नाव, व्यापाऱ्याचं नाव, रक्कम, वेळ सगळं वाचून दाखवलं. तिला वाटलं, याला एवढं ठाऊक आहे म्हणजे बँकेचाच आहे. तो म्हणाला, मी पाठवतो त्या आयडीवर जा, रकमेच्या जागी हा रिफंड कोड टाका आणि पिन भरून पक्कं करा. ४८२१७. झालं नाही म्हणाला, दुसरा कोड घ्या. ३१४०६.

"मी म्हटलंसुद्धा त्याला," ती म्हणाली, "की हे तर रुपये दिसतात. तो म्हणाला, माताजी, सिस्टिममें ऐसाही दिखता है."

"मला का नाही सांगितलंस?"

"तो म्हणाला, चोवीस तास कोणाला सांगू नका, नाहीतर रिफंड रद्द होईल."

सोमवारी सकाळी ती तिच्या बँकेत गेली होती. तिथे म्हणाली, "पेमेंट फेल झालं आणि पैसे कटले," आणि पुढे केला तो शनिवारचा पहिला स्क्रीनशॉट; कोडच्या त्या दोनांत पैसे गेलेत हे तिच्या डोक्यातच नव्हतं. कर्मचाऱ्याने तेवढंच ऐकलं, असफल व्यवहाराची तक्रार लिहून घेतली आणि थांबायला सांगितलं. ते साडेअठरा हजार तर रविवारीच परत जमा झाले होते. पासबुकात नोंद झाली असती तर दिसलं असतं. तिने ते छापून घेतलं नव्हतं आणि त्यानेही छापून दिलं नाही. कोडच्या नावाखाली गेलेल्या जवळपास ऐंशी हजारांपैकी एक रुपयासुद्धा त्या तक्रारीत नव्हता.

त्या कर्मचाऱ्याला मी दोष देऊ शकत नाही. त्याच्या खुर्चीवर मी रोज बसतो.

"आत्या, नीट ऐक," मी म्हणालो. "हे फेल झालेलं नाही. हे पैसे गेलेत. त्या माणसाकडे गेलेत."

तिच्या बाजूला शिलाई मशीन चालू असल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

मी तिला वेळ घालवू दिला नाही. आधी सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार करायला लावली, मग कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवरून तिच्या बँकेला कळवायला लावलं, आणि ॲपचा पिन बदलायला लावला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी देवासहून इंदूरमार्गे धारला गेलो.

ती ओट्यावर बसली होती. मागे अर्धवट फेटे तसेच पडले होते. मी तिच्यासमोर कागद घेऊन बसलो आणि अर्ज लिहायला लागलो. 'असफल' हा शब्द त्यात येऊ द्यायचा नव्हता. दोन व्यवहार झाले, दोन्ही सफल आहेत, दोन्ही फसवून करून घेतले आहेत. मग दोन्हींची तारीख, वेळ, रक्कम, बारा आकडी क्रमांक, घेणाऱ्याचा आयडी, ज्या नंबरवर तिने फोन केला तो नंबर, सायबर तक्रारीचा क्रमांक. शेवटी विनंती, की समोरच्या बँकेला कळवून त्या खात्यात उरलेली रक्कम ताबडतोब रोखावी.

"पिन मी टाकला हे लिहू नकोस," ती म्हणाली.

"लिहावं लागेल, आत्या."

"मग ते म्हणतील, तुमचीच चूक."

"म्हणतील. पण खोटं लिहिलं तर पुढे काहीच ऐकणार नाहीत."

नियम मला ठाऊक होता. कोणी परस्पर खात्यात शिरून पैसे काढले आणि ग्राहकाने तीन दिवसांत कळवलं, तर त्याला भरपाई मिळू शकते. स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशांना ते बहुधा लागू होत नाही. हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. तिने सही केली. देवनागरीत, ठळक, शाळेत शिकवल्यासारखी.

बँकेत मॅनेजरने अर्ज वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आप बैंक में हैं न?" मी हो म्हणालो. त्याने शिक्का मारून पोच दिली.

त्या पहिल्या खात्यात सहा हजार शंभर रुपये अडकले. बाकीचे शनिवारी संध्याकाळीच पुढे सरकले होते, चार-पाच खात्यांमधून, आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून निघाले होते. ते सहा हजार शंभर मिळायलाही आदेश यावा लागला. कित्येक महिने गेले. आले तेव्हा तिने मला कळवलंही नाही. मीच विचारलं तेव्हा म्हणाली, "हो, आलेत वाटतं."

व्यापाऱ्याचे साडेअठरा हजार तिने रोख दिले. बसने महेश्वरला जाऊन, पदराखाली पिशवी धरून. त्यानंतर तिने उधारीवर किंवा मोबाइलवर कापड घेतलं नाही, म्हणून कापडही थोडंच येऊ लागलं. अनोळखी नंबर ती उचलत नाही. लग्नघरं मात्र सगळी अनोळखी नंबरवरूनच फोन करतात. पुढच्या हंगामात मनावरकडची कामं दुसऱ्याकडे गेली.

मी एकदा तिला म्हणालो, "चूक माझी आहे. मी शनिवारीच सांगायला हवं होतं."

ती पगडीची घडी घालत होती. "तू बरोबरच सांगितलं होतंस की. पैसे आलेच ना रविवारी." मग घातलेली घडी तिने पुन्हा उलगडली. "मला विचारायचं होतं तुला. शनिवारी, तो नंबर लावायच्या आधी. पण म्हटलं, तो कामात असेल. दुपारी तुझ्या आवाजावरून कळत होतं."

गेल्या दिवाळीत मी धारला गेलो, तेव्हा शेजारची बाई विजेचं बिल घेऊन आली होती. आत्याने ते हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि परत दिलं. "ऑफिसमें जाके भर दो, बहन," ती म्हणाली. "लाइन छोटी रहती है सुबह."