गुणाजीला ओळखणारा फोन

नाव : गुणाजी हिरू म्हात्रे. वय : एकसष्ट. राहणार : शेलखार, तालुका पेण, जिल्हा रायगड. व्यवसाय : भातशेती. पद : सचिव, खारबांध संघर्ष समिती. ओळखीची खूण : कुठलाही विषय निघाला तरी तो बार्जपाशी आणून संपवणे. सदर इसम गावच्या खारबांधाविषयी सर्वांत जास्त माहिती असलेली व्यक्ती असल्याचे समितीच्या ठरावात नमूद आहे.

ठराव गुणाजीनंच फोनमधल्या एआयकडून लिहून घेतला होता. फोननं त्यात एक विशेषण जास्तीचं घातलं, ते त्यानं काढलं नाही.

खारबांध म्हणजे खाडी आणि भातशेती यांच्यामधला मातीचा बांध. अलीकडे शेलखारची शेतं, पलीकडे भरतीचं खारं पाणी. बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड गेली म्हणतात, आणि खांड गेली की त्या शेतात पुढची दोन-तीन वर्षं भात येत नाही. म्हणून दर उन्हाळ्यात अख्खं गाव बांधावर उतरायचं. प्रत्येक घरातून एक माणूस. खेकड्यांनी पाडलेली बिळं चिखलानं बुजवायची, वरून लिंपण करायचं, दुपारी सुकटीची चटणी आणि भाकरी खायची. हे कोणी सुरू केलं ते कोणाला ठाऊक नव्हतं.

बंद कसं पडलं ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. खाडीच्या तोंडाशी एका कंपनीची जेट्टी झाली, कोळशाचे बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटी, ये-जा करू लागले, त्यांच्या लाटा बांधावर आपटू लागल्या. गावानं भरपाईची तक्रार केली. पहिल्याच सुनावणीत कंपनीचा वकील म्हणाला, "लाटा कसल्या, यांच्या बांधाला खेकड्यांची बिळं आहेत." सुनावणी घेणारे साहेब हसले. त्या दिवसापासून शेलखारात बिळं बुजवणं म्हणजे वकिलाला दुजोरा देणं ठरलं. दोन उन्हाळे बांधावर कोणी चढलं नाही.

त्या सुनावणीच्या संध्याकाळी गुणाजीनं फोनमधल्या एआयला रागानं सांगितलं होतं : आमच्या बांधाचं नुकसान बार्जनंच होतं. खेकड्याच्या बिळांचा विषय परत काढायचा नाय. हे लक्षात ठेव.

फोननं लक्षात ठेवलं. गुणाजीच्या घरात असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मग तो काहीही विचारी. शेतात खारेपणा का वाढला? बार्ज. कोपऱ्यातली रोपं का पिवळी पडली? खतांची दोन नावं, आणि बार्जमुळे झिरपणारं खारं पाणी. "बघ, यालाबी पटलंय," असं तो समितीचे अध्यक्ष पुंडलिक यांना दाखवी. पुंडलिकशेठ चष्मा वर करून वाचत आणि म्हणत, "शिकलेलं हाय."

श्रावणात हौसा सांगत आली. ती विधवा, तिचं शेत बांधाला लागून. "गुणाजीभावजी, माझ्या कोपऱ्यात बांधाच्या पायथ्याशी पानी उकळतंय."

"उकळतंय म्हंजे?"

"तांदूळ रटरटतात तसं. भरतीला. आन गढूळ हाय."

गुणाजीनं तिच्यादेखत फोनला विचारलं. उत्तर आलं : बार्जच्या लाटांच्या माऱ्यानं बांध कमकुवत झाल्याचं हे लक्षण असू शकतं, फोटो काढून तक्रारीला जोडा. हौसा फोनकडे बघत राहिली. "फोटू काढल्यावर थांबतंय का ते?" तिनं विचारलं.

पुतणी अपेक्षा रोह्याच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये कामाला. पहिली शिफ्ट संपवून रेल्वेनं पेणला उतरली आणि घरी येऊन पाहते तर काका अर्जाचा मजकूर वाचून दाखवतायत. तिनं ऐकून घेतलं.

"काका, तुमचा फोन तुम्हालाच तुमचं सांगतोय."

"माझं म्हंजे गावाचं."

"असू दे. आम्ही लॅबमध्ये आधी ब्लँक लावतो. नमुना न घालता नुसतं रसायन. भांड्यालाच काही चिकटलेलं असेल तर ते आधीच दिसतं. याचं ब्लँक लावून बघा." तिनं फोन घेतला, तात्पुरती चॅट उघडली. "यात त्याला तुमचं मागचं काही आठवत नाही. विचारा."

गुणाजीनं बोलून विचारलं : बार्जच्या लाटांनी आमच्या बांधाच्या पायथ्याशी पाणी कसं फुटतं? उत्तरात लाटाच लाटा होत्या. तो समाधानानं मागे टेकला. "बघ गो. हा तर मला वळखतबी नाय."

"तुम्ही प्रश्नातच उत्तर घालून दिलंत. मी टाकते." तिनं नवी तात्पुरती चॅट उघडून लिहिलं : खाडीकाठचा मातीचा बांध. भरतीच्या वेळी आतल्या पायथ्याशी पाणी बुडबुडतं, गढूळ आहे. दोन वर्षं डागडुजी नाही. कारणं काय असू शकतात? कुठल्याही एका बाजूनं सांगू नकोस.

उत्तर लांबलचक आलं. खेकडे-उंदरांची बिळं, बांधाच्या पोटातून झिरपणारं पाणी, लाटांनी झालेली झीज, न झालेली डागडुजी. एकाहून जास्त कारणं एकत्रही असू शकतात. जागा पाहिल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. पण गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहून जात असल्याची शक्यता, ते धोक्याचं. मोठ्या भरतीची वाट पाहू नका; जाणकाराला दाखवा, तोवर बांधाखाली कोणी थांबू नका.

लाटाही त्यात होत्या, तिसऱ्या नंबरवर. गुणाजीला ते सगळ्यात जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तो एकटाच बांधावर गेला. पाणी उतरलेलं, उतारावर चाळणीसारखी बिळं. एका बिळात त्यानं काठी घातली. काठी गेली, मूठही गेली, मग त्यानं हात थांबवला. आतून गार हवा आल्यासारखी वाटली. खाली हौसाच्या कोपऱ्यात मऊ मातीचा एक लहानसा ढीग साचला होता, वारुळासारखा. ती माती बांधाची होती.

तो तसाच पुंडलिकशेठकडे गेला. अमावस्येचं उधाण चार दिवसांवर, सुनावणी त्यानंतरच्या सोमवारी.

"उद्या गाव उतरवूया का? बिळं तेवढी बुजवू."

पुंडलिकशेठ सुपारी कातरत होते. "उतरव की. वकिलाला फोटोबी तूच पाठव. म्हणावं, तुमचं खरं होतं."

"पन उधाण—"

"आजवर गेली का खांड?"

"आजवर आपन बुजवत होतो."

अडकित्ता थांबला. "सचिव तू हायस का तो वकील?"

गुणाजी घरी आला. अपेक्षा शिफ्टला गेली होती. तात्पुरत्या चॅटमधलं बोलणं यादीत कुठे दिसेना. त्याला बरंच वाटलं. त्यानं आपली नेहमीची चॅट उघडली आणि विचारलं : सुनावणीपर्यंत बांधाला हात न लावणं आपल्या केससाठी चांगलं ना?

फोननं लगेच, ओळखीच्या सुरात सांगितलं : बार्जमुळे झालेलं नुकसान सिद्ध करायचं असेल तर सुनावणीपर्यंत बांध आहे तसा ठेवणं पुराव्याच्या दृष्टीनं उपयोगी ठरू शकतं. तारखेसह फोटो घ्या.

बिळांचा उल्लेख नव्हता. विषय काढू नको, असं सांगितलेलं फोनच्या लक्षात होतं.

गुणाजीनं फोटो काढले. हौसाला म्हणाला, सोमवारनंतर बघू. ती शेताच्या कोपऱ्यात बांधलेली म्हैस सोडून गावठाणात बांधायला घेऊन गेली.

अमावस्येला भर दुपारी उधाण आलं. हौसाच्या कोपऱ्यात खांड गेली आणि संध्याकाळपर्यंत शेलखारचं निम्मं भात खाऱ्या पाण्याखाली होतं. घटनेचा अर्ज गुणाजीनं त्याच दिवशी तयार करून घेतला. 'बार्जच्या बेसुमार वाहतुकीमुळे सदर बांध आज रोजी फुटून अपरिमित हानी झाली असून' अशी त्याची सुरुवात होती.

त्या आठवड्यात जेट्टी दुरुस्तीसाठी बंद होती. खाडीत एकही बार्ज नव्हता.