उघडी नळी

आमच्या तंत्रविद्यालयात प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बाईंना विद्यार्थी पाठीमागे ‘फ्रीजबाई’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा म्हणाल्या, “म्हणू देत. निदान कपाट तरी म्हणत नाहीत.”

बाईंनी मोडीतल्या फ्रीजचा कॉम्प्रेसर काढून एका फळीवर शीतकरणाचं चक्र उभं केलं होतं. कॉम्प्रेसर, पंख्याखालचा कंडेन्सर, केसासारखी बारीक नळी आणि पाण्याच्या डब्यात बुडवलेलं थंड वेटोळं. दोन्ही बाजूंना दाबमापक, चार ठिकाणी तापमापक. दाब आणि तापमानं टिपायची, तक्त्यातून वायूची उष्णता काढायची आणि कॉम्प्रेसरने केलेल्या कामाच्या किती पट उष्णता थंड बाजूने उचलली ते मांडायचं. त्या पटीलाच सीओपी म्हणतात. उन्हाळ्याची सगळी सुट्टी त्यांनी त्यात घालवली होती.

त्या दिवशी दुपारी तपासनीस यायचे होते. यंत्र पसंत पडलं नाही, तर हा प्रयोग दुसऱ्या संस्थेकडे जाणार आणि बाईंची रवानगी आमच्या कार्यालयात, आवक-जावकीच्या टेबलाशी होणार, हे ठरल्यासारखंच होतं. त्या टेबलाकडे बाई अशा बघत, जशी माणसं दवाखान्यातल्या खाटेकडे बघतात.

सकाळी सीओपी आला सहाच्या थोडा वर. विभागप्रमुख खूश झाले.

“वा! सहा! झकास दिसतंय. आता हात लावू नका.”

बाईंनी घरी नवऱ्याला फोन केला. ते एसी दुरुस्त करतात. पलीकडून हसणं आम्हालाही ऐकू आलं. “सहा? मग घरातला फ्रीज भंगारात घाल आणि तुझी फळीच घेऊन ये.”

“तुम्ही जेवून घ्या,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पण त्या खुर्चीवर टेकल्या नाहीत. थंड बाजू उणे दहा, गरम बाजू चाळीस. एवढ्या फरकात आदर्श यंत्रालाही सव्वापाचच्या पुढे जाता येत नाही, असं त्या पुटपुटत होत्या. दाबात वातावरणाचा दाब मिळवला होता, तेही दोनदा पाहिलं. शेवटी कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या नळीला त्यांनी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. तापमापक पन्नास दाखवत होता. पन्नासाला बोट असं पळत नाही.

“माझंच हे,” त्या म्हणाल्या. “सगळं दिसावं म्हणून तांब्याची नळी घासूनपुसून उघडी ठेवली. तापमापकाचा सेन्सर नुसता दोऱ्याने बांधलाय आणि वर पंख्याचा वारा. नळीपेक्षा तो वाराच जास्त मोजतोय. म्हणून कॉम्प्रेसरचं काम कमी दिसतं आणि सीओपी फुगतो.”

विभागप्रमुख घड्याळाकडे बघत म्हणाले, “बाई, तपासनीस जेवायला बसलेत. कशाला उगाच?”

“साहेब, त्यांनी बोट लावलं तर?”

यंत्र बंद करावं लागलं. नळी निवल्यावर बाईंनी सेन्सर तांब्याला घट्ट चिकटवला, वरून फोमची जाड पट्टी गुंडाळली. घासून लखलखीत केलेली नळी काळ्या पट्टीखाली गेली. आता लगेच चालू करायची सोय नव्हती. दोन्ही बाजूंचे दाब बारीक नळीतून हळूहळू सारखे होईपर्यंत इतका छोटा कॉम्प्रेसर सुरू होत नाही, नुसता गुरगुरतो. बाई स्टुलावर बसल्या. एक काटा उतरत होता, दुसरा चढत होता. डोळे मिटले तरी त्यांची मान काट्यांकडेच वळलेली होती.

तपासनीस आले तेव्हा यंत्र पुन्हा चालू होऊन स्थिरावलं होतं. त्याच नळीवर आता पंचाहत्तर अंश होते. सीओपी तीनच्या जरा खाली.

विभागप्रमुख माझ्या कानाशी म्हणाले, “निम्मा घालवला.”

तपासनिसांनी चष्मा वर केला. “दाखवण्याचं यंत्र ना हे? मग ही एकच नळी झाकलेली का?”

बाईंनी काही सजवून सांगितलं नाही. “सकाळी उघडी होती, सर. सहा आले होते. सेन्सर वारा मोजत होता.”

“सहा?” ते हसले. मग तक्ता ओढून त्यांनी स्वतः आकडेमोड केली आणि बोट नळीजवळ नेऊन, न लावताच, मागे घेतलं. “प्रयोग इथेच राहू द्या. पण मुलांना दोन्ही दाखवा. आधी उघडी, मग झाकलेली. आपलं आपल्यालाच कळलं पाहिजे कुठे फसलो ते.”

ते गेले. विभागप्रमुख त्यांना सोडायला बाहेर गेले. बाई पुन्हा स्टुलावर बसल्या.

“अभिनंदन, बाई,” मी म्हटलं.

“अहो, म्हणजे दर तुकडीला पट्टी सोडायची, बांधायची आणि मध्ये हे दोन काटे जुळायची वाट बघत बसायचं.” त्यांनी यंत्र बंद केलं. “तुमचं ते टेबल दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका.”

काटे एकमेकांकडे सरकू लागले. बाई त्यांच्याकडे बघत बसल्या.