कापसाच्या शेतातली देवी

जऊळक्याजवळच्या एका गावात देवीचं देऊळ आहे. तिथल्या एका शिलेवर तिच्या स्तोत्राचा एक श्लोक कोरला आहे आणि त्याचा तिसरा चरण माझा आहे. तो तिथे असायला नको होता. हे गावात कोणीच मानत नाही.

मी कारंज्याच्या शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. तिथल्या गुरवांनी देवीवर आठ श्लोक रचले होते. त्यांची शाळा चौथीपर्यंत, पण स्तोत्रं लहानपणापासून तोंडपाठ. देवळाच्या समितीने त्यातला एक श्लोक शिलेवर घ्यायचा ठरवला आणि तपासायला मला बोलावलं. गुरव धुतलेलं धोतर नेसून ओसरीवर बसले होते. वही माझ्या हातात देताना त्यांनी ती दोन्ही हातांनी दिली.

छंद अनुष्टुभ् होता. चार चरण, प्रत्येकात आठ अक्षरं. पाचवं अक्षर लघू, सहावं गुरू. सातवं पहिल्या-तिसऱ्या चरणात गुरू, दुसऱ्या-चौथ्यात लघू. हा नियम मी हजारो मुलांकडून घोकून घेतला होता. पहिली ओळ त्यात चोख बसली. दुसरी ओळ अशी होती:

कार्पासक्षेत्रनिलया सा नः पातु सदा शिवा ॥

कापसाच्या शेतात जिचं घर आहे, ती कल्याणी आमचं सदा रक्षण करो. देऊळ खरोखरच कापसाच्या वावरात आहे. मी तिसऱ्या चरणाची, म्हणजे या ओळीच्या पहिल्या अर्ध्याची, अक्षरं बोटांवर मोजली. त्र, नि, ल. पाचवं, सहावं, सातवं, तिन्ही लघू. समितीची माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी म्हणालो, छंद मोडलाय.

गुरवांनी चरण पुन्हा म्हणून पाहिला. "सर, जिभेले तं कुठी अडकत नाई. मंग चुकलं काहून?"

मी म्हणालो, "जिभेवर नाही, नियमावर चालतं."

समितीतला एकजण हसला. "बुवा, घंटी वाजवा तुमी. श्लोक सराइले करू द्या." सगळेच हसले, गुरवसुद्धा. मी तिथेच पेन काढून नवा चरण लिहिला: ग्रामसीमासु तिष्ठन्ती. गावाच्या शिवेवर उभी असलेली. पाचवं लघू, सहावं गुरू, सातवं गुरू. नियमात बसलं. देवीला मी तिच्या घरातून उठवून शिवेवर नेलं, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

निवृत्तीनंतर वेळ होता म्हणून छंदांवरचं एक जुनं पुस्तक पहिल्यापासून वाचायला घेतलं. त्यात विपुला सापडली. अनुष्टुभाच्या पहिल्या-तिसऱ्या चरणात नेहमीच्या चालीऐवजी काही ठरलेले पर्याय चालतात. त्यातल्या एकात पाचवं, सहावं, सातवं तिन्ही लघू येतात. त्याचं नाव न-विपुला. मी रोज म्हणत होतो ती स्तोत्रं काढून मोजली. जागोजाग तेच. शाळेच्या पुस्तकातला नियम खरा होता, पण तो सगळा नियम नव्हता. गुरवांचा कान ती स्तोत्रं म्हणून म्हणून तयार झाला होता. माझा झाला नव्हता.

तरी मी दोन वर्षं गेलो नाही. काय सांगणार, या विचारात दिवस काढले. शेवटी पुस्तक पिशवीत घालून एसटीने गेलो. गुरव खूप थकले होते. मी सगळं सांगितलं, पान उघडून दाखवलं, इतर स्तोत्रांतले चरण म्हणून दाखवले. त्यांनी पुस्तक डोक्याला लावून परत दिलं.

"तुमी माह्यं मन राखून राह्यले, सर."

मी म्हणालो, नाही हो, चूक माझी होती.

"एवढ्या पोराइले शिकवलं तुमी. खोटं कसं शिकवान?"

मी विषय बदलून बाकीचे सात श्लोक मागितले. निदान ते तरी उतरून घ्यावेत. त्यांनी सहज सांगितलं की वही त्याच साली तळ्यात सोडली. एका श्लोकात चूक निघाली, तर बाकीच्यातही असणार. देवीपुढे चुकीचं म्हणायचं नाही. नंतर काही रचलंही नाही. मी एखादा आठवतो का विचारलं. त्यांनी बराच वेळ प्रयत्न केला. एक अर्धी ओळ आली, तीही मधेच तुटली.

मी समितीकडे गेलो. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, शिला बरी दिसते, आता कशाला उकरायचं.

गुरव गेल्या वर्षी वारले. आता पूजा त्यांचा मुलगा करतो. मी त्याला मूळ चरण कागदावर लिहून दिला आणि आरतीनंतर निदान तेवढा म्हण, अशी विनंती केली. त्याने वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

"पण बाबा तं शिलेवरलाच म्हनत," तो म्हणाला. "शेवटपर्यंत तोच म्हनला त्याइनं."

आणि आरतीनंतर त्याने तोच म्हटला.